परिषदेचं वेळापत्रक कसं बसवतात? ट्रॅक, हॉल, स्लॉट आणि वक्ता यांचा एक तक्ता

परिषदेचा कार्यक्रम हातात पडला की आपण सगळे एकच गोष्ट करतो, आपलं नाव शोधतो. नाव सापडलं, वेळ कळली, हॉल कळला की कागद घडी घालून पिशवीत. पण पीएचडीला दोनेक वर्षं झाली की विभागातून निरोप येतोच, "यंदा परिषद आपल्याकडे आहे, वेळापत्रकाचं काम संशोधक विद्यार्थ्यांनी बघायचं." मग समोर निवड झालेल्या निबंधांची यादी असते, तीन-चार हॉल असतात, दोन दिवस असतात, आणि त्यातून तक्ता काढायचा असतो.

हे काम कारकुनी वाटतं, पण तसं ते नाही. कुणाचा तरी पहिला निबंध असतो. त्याला पंधरा मिनिटं मिळणार असतात. त्याच वेळी त्याचा मार्गदर्शक दुसऱ्या हॉलमध्ये सत्राध्यक्ष म्हणून बसलेला असेल, आणि त्याच विषयावर काम करणारी माणसं तिसऱ्या हॉलमध्ये असतील, तर त्या पंधरा मिनिटांचा उपयोग काय? हा घोळ बहुतेक वेळा कुणी मुद्दाम केलेला नसतो. तक्ता चुकीच्या टोकाकडून बांधला जातो, म्हणून तो होतो. बरोबर टोकाकडून कसा बांधायचा, ते एका उदाहरणातून पाहू.

आपलं उदाहरण

समजा, एका सामाजिक शास्त्रांच्या विभागाची दोन दिवसांची परिषद आहे. (उदाहरण काल्पनिक आहे, पण आकडे आपल्याकडच्या मध्यम आकाराच्या परिषदेत असतात तसेच.) ४२ निबंध निवडले गेलेत आणि तीन ट्रॅक आहेत. शिक्षण ट्रॅकमध्ये १७ निबंध, ग्रामीण समाज ट्रॅकमध्ये १४ आणि नागरी समाज ट्रॅकमध्ये ११. हॉल तीन आहेत. मुख्य सभागृहात १८० जण बसतात, सेमिनार हॉलमध्ये ६० आणि खोली क्र. २०४ मध्ये ४०. कॅमेरा आणि बरा माइक फक्त सेमिनार हॉलमध्ये आहे.

पहिल्या दिवशी सकाळी उद्घाटन आणि बीजभाषण. दुसऱ्या दिवशी साडेअकरापासून सगळ्यांसाठी एकत्र सत्र आणि समारोप. यातून समांतर सत्रांसाठी चार स्लॉट उरतात.

- स्लॉट १: पहिला दिवस, ११:०० ते १२:३०
- स्लॉट २: पहिला दिवस, १३:३० ते १५:००
- स्लॉट ३: पहिला दिवस, १५:३० ते १७:००
- स्लॉट ४: दुसरा दिवस, ९:३० ते ११:००

एका निबंधाला १५ मिनिटं सादरीकरण आणि ५ मिनिटं प्रश्न, म्हणजे २० मिनिटं. ९० मिनिटांत असे चार निबंध बसतात आणि १० मिनिटं उरतात. ती १० मिनिटं पाहून "अजून अर्धा निबंध घुसवू" असं कुणीतरी म्हणतंच. घुसवू नका. पाच मिनिटं सत्राध्यक्षांना सुरुवातीला लागतात, आणि शेवटची पाच मिनिटं पेनड्राइव्ह, लॅपटॉप आणि हॉल बदलणाऱ्या माणसांमध्ये जातात. ती कागदावर ठेवली नाहीत, तर चहातून जातात.

आधी मोजा, मग मांडा

चौकट काढायला बसण्याआधी एक साधं गणित करायचं. प्रत्येक ट्रॅकचे निबंध भागिले चार, आणि अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक. शिक्षण १७ म्हणजे ५ सत्रं, ग्रामीण १४ म्हणजे ४, नागरी ११ म्हणजे ३. एकूण १२. तीन हॉल गुणिले चार स्लॉट म्हणजे घरंही १२च. बरोबर बसलं, असं वाटतं.

पण नीट बघा. शिक्षण ट्रॅकची सत्रं पाच आणि स्लॉट चार. म्हणजे कुठल्यातरी एका स्लॉटमध्ये शिक्षणाची दोन सत्रं एकाच वेळी येणार. शिक्षणावर काम करणाऱ्या माणसाला दोन्हीकडे बसायचं असतं, त्यामुळे ट्रॅक स्वतःलाच आडवा जातो. घरं पुरतात, पण श्रोते फुटतात. नुसती एकूण बेरीज केली असती, तर हे दिसलंच नसतं.

यावर उपाय बहुतेक वेळा एखाद-दुसऱ्या निबंधात असतो. आपल्या शिक्षण ट्रॅकमध्ये खेड्यातल्या शाळांमधल्या उपस्थितीवरचा एक निबंध आहे. तो ग्रामीण ट्रॅकमध्ये तितकाच शोभतो. लेखकाला विचारून तो तिकडे नेला, की शिक्षण १६, म्हणजे नेमकी ४ सत्रं. ग्रामीण १५, म्हणजे तरीही ४ सत्रंच, शेवटच्यात तीन निबंध. नागरी ३. आता एकूण ११ सत्रं आणि घरं १२. एका निबंधाच्या हलण्याने एक अख्खं घर मोकळं झालं. हे मोकळं घर भरायची घाई करू नका, ते पुढे उपयोगी पडतं.

लेखकाला विचारून, असं मी म्हटलं ते औपचारिकतेसाठी नाही. काही ठिकाणी प्रमाणपत्रावर ट्रॅकचं नाव छापतात, आणि विद्यार्थ्याला ते नाव आपल्या विषयाशी जुळणारं लागतं.

चौकट आधी नाही, यादी आधी

आता मुख्य मुद्दा. वेळापत्रक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर चौकट येते, उभे कॉलम हॉलचे, आडव्या ओळी वेळेच्या, आणि प्रत्येक घरात चार-चार नावं. बहुतेक जण एक्सेल उघडून थेट ही चौकटच काढतात. दिसायला छान, पण तिच्यावर तपासणी चालत नाही. एका घरात चार नावं, एक सत्राध्यक्ष आणि एक शीर्षक कोंबलेलं असतं, त्यातून "ही व्यक्ती स्लॉट २ मध्ये दोनदा आहे का?" हे शोधायला डोळे हे एकच साधन उरतं. रात्री अकरा वाजता डोळ्यांवर भरवसा ठेवू नये.

म्हणून चौकट शेवटी काढायची. आधी तीन याद्या करायच्या, तीन वेगळ्या शीटमध्ये.

पहिली शीट `sessions`. एका सत्राला एक ओळ: सत्राची खूण, ट्रॅक, स्लॉट, हॉल, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ.

दुसरी शीट `papers`. एका निबंधाला एक ओळ: निबंध क्रमांक, शीर्षक, कुठल्या सत्रात, सत्रात कितवा, आणि स्थिती (नक्की / रद्द).

तिसरी शीट `roles`. एका माणसाच्या एका कामाला एक ओळ: व्यक्ती, सत्र, भूमिका. भूमिका म्हणजे वक्ता किंवा सत्राध्यक्ष. एखादी व्यक्ती एका सत्रात बोलते आणि दुसऱ्यात अध्यक्ष आहे, तर तिच्या दोन ओळी.

इथे लक्ष द्यायची गोष्ट अशी, की निबंधाच्या ओळीत हॉल आणि वेळ लिहायचीच नाही. हॉल आणि वेळ हे सत्राचे गुणधर्म आहेत, निबंधाचे नाहीत. निबंधाला फक्त आपलं सत्र माहीत असावं. तुम्ही निबंधाच्या चारही ओळींत "सेमिनार हॉल" लिहिलंत आणि नंतर सत्राचा हॉल बदलला, तर चार जागी बदलावं लागतं. तीन जागी बदललं जातं आणि चौथी राहते. मग एकाच सत्राचे तीन वक्ते एका हॉलमध्ये आणि चौथा दुसऱ्या हॉलच्या दाराशी उभा. एक माहिती एकाच जागी, हा नियम डेटाबेसवाल्यांचा असला तरी आपल्या कामाला जसाच्या तसा लागू होतो. तुम्ही सर्वेक्षणाचा डेटा हाताळणार असाल तर तिथेही हाच नियम भेटेल. प्रत्येक निरीक्षणाला एक ओळ आणि प्रत्येक गुणधर्माला एक कॉलम, ही हॅडली विकम यांनी २०१४ च्या लेखात मांडलेली नीटस डेटाची कल्पना म्हणजे हेच.

सत्रांना स्लॉट देणं

सत्रांना खुणा देऊ. शि१ ते शि४, ग्रा१ ते ग्रा४, ना१ ते ना३. या खुणा म्हणजे नुसती नावं आहेत, क्रम नाही. शि१ शेवटी आलं तरी चालेल. छापताना हवं तर नवे क्रमांक द्या, पण कामाच्या शीटमधली खूण शेवटपर्यंत बदलू नका.

पहिला मोह असतो तो शि१, ग्रा१, ना१ स्लॉट १ मध्ये, शि२, ग्रा२, ना२ स्लॉट २ मध्ये, असं ओळीने बसवायचा. बसवून बघू आणि लोकांच्या अडचणी त्यावर ठेवू. आपल्या परिषदेत अशा चार आहेत.

- व्यक्ती ०७ शि२ मध्ये बोलणार आहेत आणि ग्रा२ च्या अध्यक्ष आहेत. ग्रा२ मध्ये त्यांच्या विद्यार्थिनीचा पहिला निबंध आहे.
- व्यक्ती १२ यांचे दोन निबंध आहेत, एक ग्रा३ मध्ये आणि एक ना३ मध्ये.
- व्यक्ती १९ शि१ मध्ये बोलणार आहेत, पण त्या रात्रीच्या गाडीने निघून दुसऱ्या दिवशी सकाळी पोचतील.
- व्यक्ती २३ ना१ मध्ये टोरांटोहून ऑनलाइन बोलणार आहेत.

ओळीने बसवलं तर ०७ स्लॉट २ मध्ये दोन ठिकाणी. १२ स्लॉट ३ मध्ये दोन ठिकाणी. १९ यांचा निबंध त्या गाडीत बसण्याच्याही आधी, पहिल्याच स्लॉटमध्ये. आणि २३? भारताचे सकाळचे ११ म्हणजे टोरांटोत उन्हाळ्यात रात्रीचे दीड आणि हिवाळ्यात साडेबारा. चारपैकी चार अडचणी लागल्या.

आता रीत अशी, ज्याला सगळ्यात कमी जागा मोकळ्या आहेत त्याला आधी बसवायचं.

१९ यांना एकच स्लॉट चालतो, चौथा. म्हणून शि१ स्लॉट ४ मध्ये. २३ यांना दुपारचा उशिराचा स्लॉट हवा, म्हणजे तिसरा. म्हणून ना१ स्लॉट ३ मध्ये, आणि सत्रातही त्यांचा क्रमांक शेवटचा. चौथा निबंध १६:३५ ला सुरू होतो, तेव्हा टोरांटोत उन्हाळ्यात सकाळचे ७:०५ आणि हिवाळ्यात ६:०५ असतात. लवकर आहे, पण माणूस बोलू शकतो. (हा एक तासाचा फरक तिथे घड्याळं पुढे-मागे करतात म्हणून पडतो. परिषद मार्च किंवा नोव्हेंबरच्या आसपास असेल तर त्या तारखेचीच वेळ बघा, आजची नाही.)

ही दोन सत्रं रोवली गेली की बाकीचं सोपं होतं. शिक्षणाची उरलेली तीन सत्रं स्लॉट १, २, ३ मध्ये: शि२, शि३, शि४. ग्रामीणची चार ओळीने: ग्रा१, ग्रा२, ग्रा३, ग्रा४. आता ०७ स्लॉट १ मध्ये स्वतः बोलतील आणि स्लॉट २ मध्ये ग्रा२ च्या खुर्चीवर असतील. विद्यार्थिनीच्या निबंधाला मार्गदर्शक समोर आहेत. नागरीचं ना१ तिसऱ्यात गेलंच आहे, ना२ पहिल्यात आणि ना३ दुसऱ्यात ठेवू. १२ यांचा ना३ स्लॉट २ मध्ये आणि ग्रा३ स्लॉट ३ मध्ये, मध्ये अर्ध्या तासाचा चहा. चारही अडचणी सुटल्या. मोकळं घर स्लॉट ४ मध्ये राहिलं.

हाच प्रश्न गणितात आलेखाला रंग देण्याचा प्रश्न म्हणून ओळखला जातो. प्रत्येक सत्र हा एक बिंदू, ज्या दोन सत्रांत समान माणूस आहे त्यांच्यामध्ये रेघ, आणि रेघेने जोडलेल्या दोन बिंदूंना एकच रंग द्यायचा नाही. रंग म्हणजे आपला स्लॉट. बिंदू खूप झाले की हा प्रश्न अवघड होत जातो, आणि मोठ्या परिषदांना त्यासाठी सॉफ्टवेअर लागतं. अकरा सत्रांना कागद-पेन्सिल पुरते, फक्त सगळ्यात अडलेल्यापासून सुरुवात करायची.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. १९ यांच्यासाठी अख्खं शि१ का हलवायचं, त्यांचा एकटा निबंध शेवटच्या सत्रात का नाही न्यायचा? तसंही करता येतं, आणि कधीकधी तेच बरं. पण शि१ चे चार निबंध एका धाग्यातले असतील तर एक काढून दुसरा घातला की दोन सत्रांची वीण उसवते. म्हणून आधी पूर्ण सत्र हलवून पाहायचं, ते जमलंच नाही तर निबंध.

हॉल: ट्रॅकला चिकटवू नका

सोयीसाठी आपण म्हणतो, शिक्षण मुख्य सभागृहात, ग्रामीण सेमिनार हॉलमध्ये, नागरी २०४ मध्ये. बसणाऱ्याला उठावं लागत नाही, त्यामुळे शक्य तिथे हे चांगलंच. पण ही सोय आहे, नियम नाही. म्हणूनच `sessions` शीटमध्ये ट्रॅक आणि हॉल हे दोन वेगळे कॉलम आहेत.

आपल्याकडेच बघा. ना१ मध्ये टोरांटोहून बोलणारी व्यक्ती आहे, आणि कॅमेरा-माइक फक्त सेमिनार हॉलमध्ये. त्यामुळे स्लॉट ३ पुरती अदलाबदल करायची, ना१ सेमिनार हॉलमध्ये आणि ग्रा३ खोली २०४ मध्ये. ट्रॅक आणि हॉल एकच धरले असते, तर ही अडचण परिषदेच्या दिवशी दुपारी साडेतीनला कळली असती, लॅपटॉपच्या माइकवर चाळीस जण कान लावून बसलेले असताना. अदलाबदल करताना खुर्च्याही पाहायच्या. ग्रामीणच्या सत्राला पन्नास जण येतील असं वाटत असेल तर २०४ ची चाळीस आसनं कमी पडतील, मग ग्रा३ मुख्य सभागृहात आणि शि४ खोलीत, असा दुसरा विचार करावा लागेल. इथे ग्रा३ ला तीसेक जण धरलेत, म्हणून २०४ चालते.

शेवटची चौकट अशी दिसते.

| स्लॉट | मुख्य सभागृह | सेमिनार हॉल | खोली २०४ |
|---|---|---|---|
| १ | शि२ | ग्रा१ | ना२ |
| २ | शि३ | ग्रा२ | ना३ |
| ३ | शि४ | ना१ | ग्रा३ |
| ४ | शि१ | ग्रा४ | (मोकळी) |

कॉलम हॉलचे ठेवलेत, ट्रॅकचे नाहीत, हे बघितलंत? वाचणाऱ्याला चालत जायचं असतं ते हॉलकडे. ट्रॅक रंगाने दाखवा. प्रत काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर निघणार असेल तर रंगाच्या भरवशावर राहू नका, खुणेतलं अक्षरच ट्रॅक सांगेल असं करा.

तपासणी फॉर्म्युल्याने

आता यादीचा फायदा वसूल करू. `sessions` शीटमध्ये A सत्र, B ट्रॅक, C स्लॉट, D हॉल, E सुरुवात, F शेवट असे कॉलम आहेत असं धरा. एका स्लॉटमध्ये एका हॉलला दोन सत्रं लागली आहेत का, हे दुसऱ्या ओळीसाठी असं तपासता येतं:

```
=COUNTIFS(C:C,C2,D:D,D2)
```

उत्तर १ आलं तर ठीक, जास्त आलं तर हॉल दोनदा दिलाय. यातला `D` बदलून `B` केला की तेच सूत्र सांगतं, एका स्लॉटमध्ये एका ट्रॅकची दोन सत्रं आहेत का.

माणसांची तपासणी `roles` शीटमध्ये. तिथे A व्यक्ती, B सत्र, C भूमिका, आणि D मध्ये स्लॉट. हा स्लॉट हाताने लिहायचा नाही, `sessions` मधून आणायचा:

```
=XLOOKUP(B2,sessions!A:A,sessions!C:C)
```

(जुन्या एक्सेलमध्ये `XLOOKUP` नसेल तर `VLOOKUP` वापरा.) मग टक्कर शोधायची:

```
=COUNTIFS(A:A,A2,D:D,D2,B:B,"<>"&B2)
```

अर्थ असा, हीच व्यक्ती, हाच स्लॉट, पण वेगळं सत्र, अशा किती ओळी आहेत? शून्य हवं. शेवटचा "वेगळं सत्र" हा भाग महत्त्वाचा आहे. तो नसेल तर एकाच सत्रात दोन निबंध वाचणारा माणूसही टक्कर म्हणून दिसतो, खरं तर त्याची काही अडचण नसते. खोट्या सूचना वाढल्या की माणूस खऱ्या सूचनेकडेही दुर्लक्ष करतो.

सूत्र कुठे फसतं

सूत्र शून्य म्हणालं म्हणजे सगळं ठीक, असं मात्र नाही. तीन ठिकाणी ते गप्प राहतं.

पहिलं, नावं. एकच माणूस एका निबंधावर आद्याक्षरं आणि आडनाव लिहितो, दुसऱ्यावर पूर्ण नाव. कधी मराठीत, कधी इंग्रजीत. सूत्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे लोक, म्हणजे टक्कर नाही. म्हणून A कॉलममध्ये नाव नको, स्वतः दिलेला क्रमांक हवा, आपण वर ०७, १२ दिले तसा. क्रमांक देण्यापूर्वी नावं अकारविल्हे लावून एकदा सगळी यादी वाचा, आडनावं शेजारी-शेजारी आली की जोड्या लगेच दिसतात. ईमेलवरूनही ओळख पटते, पण एकाच माणसाचे विद्यापीठाचा आणि स्वतःचा असे दोन पत्ते असू शकतात.

दुसरं, वेळ लिहायची सवय. आपण कागदावर ११.३० लिहितो, मध्ये टिंब. एक्सेलला ती वेळ नसून दशांश संख्या वाटते, आणि तो तिचं ११.३ करून टाकतो. वेळ कोलननेच लिहायची, `11:30`, आणि दुपारनंतर चोवीस तासांच्या पद्धतीने. नाहीतर साडेतीनचं सत्र पहाटे साडेतीनला लागतं आणि क्रम लावला की उद्घाटनाच्या आधी येऊन बसतं. खरं तर ही चूक बरी, कारण ती लगेच दिसते.

तिसरं, स्लॉटच्या बाहेरचं सत्र. समजा कुणीतरी सुचवलं, की पहिल्या दिवशी १४:०० ते १६:०० कार्यशाळा घेऊ, ग्रंथालयाच्या वाचनकक्षात. तिचा स्लॉट काय लिहाल? २ नाही, ३ नाही. "का" असं काहीतरी लिहिलं जातं. मग स्लॉट २ मध्ये निबंध असलेला माणूस कार्यशाळेतही असला तरी सूत्राला कळत नाही, कारण "का" आणि "२" हे वेगळे शब्द आहेत. अशा वेळी स्लॉटचं नाव सोडून वेळाच ताडून पाहाव्या लागतात. दोन सत्रं एकमेकांवर येतात ती केव्हा? पहिलं दुसरं संपायच्या आधी सुरू होतं, आणि दुसरं पहिलं संपायच्या आधी सुरू होतं, तेव्हा. दोन्ही अटी एकदम हव्यात. `roles` मध्ये E सुरुवात आणि F शेवट (तारखेसकट) आणून घेतले की:

```
=COUNTIFS(A:A,A2,B:B,"<>"&B2,E:E,"<"&F2,F:F,">"&E2)
```

तारखेसकट का? नुसती वेळ घेतली तर पहिल्या दिवशीचे साडेनऊ आणि दुसऱ्या दिवशीचे साडेनऊ एकच ठरतात, आणि नसलेल्या टकरी दिसू लागतात. अट `<` आहे, `<=` नाही, हेही पाहा. १५:०० ला संपणारं आणि १५:०० ला सुरू होणारं, ही टक्कर नाही. पण त्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून खाली यायचंय, हे सूत्राला माहीत नसतं. ते तुम्ही पाहायचं.

छापल्यानंतरचे बदल

तक्ता जाहीर झाला की बदल थांबतात असं नाही. कुणी आजारी पडतं, कुणाला रजा मिळत नाही. तेव्हा कुठला बदल स्वस्त आणि कुठला महाग, हे डोक्यात हवं.

सत्रातला क्रम बदलणं स्वस्त. त्याच स्लॉटमध्ये दोन सत्रांचे हॉल बदलणं त्याहून थोडं महाग, दारावर पाटी लावून भागतं. सत्राचा स्लॉट बदलणं मात्र सगळ्यात महाग, कारण लोकांनी तुमच्या तक्त्यावरून गाडीची तिकिटं काढलेली असतात. नांदेडहून पुण्याला एका निबंधासाठी येणारा विद्यार्थी परतीचं तिकीट सत्राची वेळ पाहूनच काढतो. त्याला "तुमचं सत्र उद्या गेलं" हे सांगणं म्हणजे एक रात्रीचा मुक्काम त्याच्या खिशातून काढणं. म्हणून मोकळं घर जपायला सांगितलं होतं. एखादा निबंध कुठेच बसेना, तर तो स्लॉट ४ मध्ये, खोली २०४ ला जातो आणि बाकीच्यांना हात लावावा लागत नाही.

कुणी रद्द झालं तर `papers` मधली ओळ पुसू नका, स्थिती "रद्द" करा. ओळ पुसली की मागचे क्रमांक सरकतात आणि निबंधसारांशाच्या पुस्तिकेतले क्रमांक तक्त्याशी जुळेनासे होतात. आणि सत्रात मधला वक्ता आलाच नाही, तर पुढच्याला लगेच उभं करायचा मोह टाळा. त्याची वेळ ११:४५ छापली असेल, तर दुसऱ्या हॉलमधून तो निबंध ऐकायला उठून येणारा माणूस ११:४५ लाच पोचणार आहे. मधली वीस मिनिटं चर्चेला द्या. सत्राध्यक्षांना ही सूचना आदल्या दिवशी लेखी द्यावी लागते, ऐन वेळी ती कुणाच्या लक्षात राहत नाही. छापलेल्या प्रत्येक प्रतीवर आवृत्तीची तारीख आणि वेळ टाका, म्हणजे "माझ्या कागदावर वेगळंच आहे" म्हणणाऱ्याला त्याचा कागद जुना आहे हे दाखवता येतं.

एक शेवटची तपासणी उरते, आणि ती शीटमध्ये होत नाही. चौकट जाहीर करण्याआधी `roles` शीट व्यक्तीच्या क्रमांकाने लावा आणि प्रत्येकाला फक्त त्याच्या ओळी पाठवा. "आपला निबंध ग्रा३ मध्ये दुसरा आहे. पहिला दिवस, १५:५५, खोली २०४. आपण ना३ मध्येही आहात, १३:३० चा स्लॉट. काही अडचण असल्यास परवापर्यंत कळवावे." अख्खी चौकट पाठवली तर माणूस आपलं नाव बघून कागद मिटतो. स्वतःच्या दोन ओळी पाठवल्या तर तो वाचतो, आणि उत्तर येतं, "सर, त्या दिवशी दुपारी माझी मौखिक परीक्षा आहे." असं उत्तर आलं की समजायचं, तक्ता आता छापण्याच्या जवळ आलाय.